दोन पोती काळी माती आणि अठरा पायऱ्या

आधी एक मूर्खपणा कबूल करते, म्हणजे पुढचे सगळे तुम्हाला किरकोळ वाटतील. वर्ध्याहून लखनौला मी पन्नास किलो माती आणली. रेल्वेने, रिझर्व्हेशनच्या डब्यातून, ज्वारी आहे असं सांगून.

तेव्हा मी तशी लहानच होते म्हणा. बासष्टावं चालू होतं. अक्कल यायची होती, आणि ती येण्याआधी निवृत्ती आली होती. लखनौच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. दरवर्षी फळ्यावर एकच वाक्य लिहीत आले आणि पोरांकडून दहा दहा वेळा गिरवून घेत आले : ‘काली मिट्टी में नमी रोकने की क्षमता अधिक होती है.’ वाक्य खरं आहे. माझी अडचण त्याच्यामुळेच झाली.

झालं असं, की त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि जीभ, तिन्हींवर एकदम. सरकारी नोकरीत असताना ज्या माणसाने अख्ख्या सेक्शनला बोलून बेजार केलं होतं, तो माणूस ‘पाणी’ म्हणायला अर्धा मिनिट घेऊ लागला. दवाखान्यातून घरी आलो. पावसाळ्यात पायात थोडा जोर आला. घरी येणारा फिजिओथेरपिस्ट म्हणाला, “अंकल जी को सीढ़ी चढ़ाइए. दिन में दो बार. रेलिंग पकड़कर, पीछे कोई रहे. अभी नहीं चढ़ेंगे तो पैर बैठ जाएगा.”

पाय बसेल म्हणजे कायमचा निकामी होईल, ते मला नीट कळलं होतं. विकास नगरातलं आमचं घर पहिल्या मजल्यावर आहे आणि वर गच्ची. घरातून गच्चीत जायला अठरा पायऱ्या. मुलाने भिंतीच्या बाजूलाही लोखंडी पाइप लावून घेतला, चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा डाव्या हाताला धरायला काहीतरी हवं म्हणून. पाइप लागला, रंगला, वाळला. पण हे खुर्चीतून उठेनात.

“चला ना, दोन पायऱ्या तरी.”

“उद्या.”

हा एक शब्द त्यांना अगदी स्वच्छ म्हणता येत असे.

एके दिवशी जेवताना सुनेने कोशिंबीर वाढली. सून लखनौचीच, मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत देते. ह्यांनी टोमॅटोची फोड तोंडात घातली, बराच वेळ चावली आणि बाजूला काढून ठेवली. मग मोठ्या कष्टाने म्हणाले, “प्लास्टिक.” थोड्या वेळाने पुन्हा : “आपली… भेदरं…”

भेदरं म्हणजे आमच्या गावाकडचे टोमॅटो. आंबट, पातळ सालीचे, हातात घेतले की रसाने भरलेले कळतात. तीन महिन्यांत ह्यांनी मागितलेली ती पहिली गोष्ट. मी तिथल्या तिथे ठरवलं, भेदरं गच्चीत लावायची. गच्चीत लावली म्हणजे बघायला गच्चीत जावं लागेल. मला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. पुढचे पाच महिने ते कौतुक मी फेडत होते.

धाकट्या दिरांच्या नातवाचं नामकरण निघालं, म्हणून ऑक्टोबरच्या सुरुवातीला चार दिवसांसाठी गावी गेले. निघायच्या आदल्या दिवशी दिरांना म्हटलं, शेताच्या धुऱ्याजवळची, बांधावरची, दोन पोती माती भरून द्या.

दीर बघतच राहिले. “वैनी, तिकडं माती नाही का भेटत?”

“तिकडची पिवळी आहे. पिठासारखी. तिच्यात काय जोर?”

“कापूस लावता का काय गच्चीवर?”

“तुमच्या दादाला भेदरं खायची आहेत.”

ते उठले. स्वतः फावडं घेऊन गेले. पाऊस नुकताच उघडला होता. माती फावड्याला चिकटून येत होती, काढताना बोटांनी ओरबाडावी लागत होती. त्या चिकटपणात मला सुपीकपणा दिसला. बाई भूगोलाच्या ना! दुसरं कुणी असतं तर त्याला चिकटपणाच दिसला असता.

लखनौच्या चारबाग स्टेशनला उतरल्यावर हमालाने पोतं उचलून विचारलं, “माताजी, इसमें पत्थर है क्या?” मी मान ताठ ठेवून म्हटलं, “ज्वार है.” घरी सुनेने पोतं उघडलं. तिने वाकून वास घेतला, मग माझ्याकडे बघितलं. “मम्मी जी, मिट्टी? ट्रेन से?” मी म्हटलं, तुम्हा लोकांना काय कळणार.

आता भांडी. निशातगंजच्या बाजारात मोहरीच्या तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे, म्हणजे कनस्तर, मिळतात. तीन आणले. आतून धुतले, बाहेरून गंजू नयेत आणि छान दिसावेत म्हणून काळा ऑइल पेंट दिला. तळाला खिळ्याने दोन दोन भोकं पाडली. पन्नास किलो माती म्हणजे मला डोंगर वाटला होता. तीन कनस्तरांत ती संपली. अलीगंजच्या रस्त्यावरच्या नर्सरीतून टोमॅटोची तीन रोपं आणून लावली. कनस्तर मांडले कुठे, तर गच्चीच्या दक्षिणेच्या कोपऱ्यात, जिथे सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत ऊन हटत नाही. टोमॅटोला ऊन लागतं, हेही मी शिकवलेलंच होतं. काळ्या रंगाच्या पत्र्याला ऑक्टोबरचं ऊन लागलं की काय होतं, हे पुस्तकात नव्हतं.

पण त्या संध्याकाळी हे चढले.

पुढे ते, मागे मी. डावा हात पाइपावर. डावा पाय वर, मग उजवा ओढून त्याच्या शेजारी. एक ठप्, एक खर्र. ठप्, खर्र. नवव्या पायरीवर थांबलो. माझा श्वास त्यांच्यापेक्षा जास्त लागला होता, कारण मी पूर्ण वेळ दोन्ही हात असे पसरून होते, जणू ऐंशी किलोचा माणूस पडला तर झेलणार होते. अठराव्या पायरीनंतर त्यांनी कनस्तर बघितले. माती बघितली. वाकून चिमूटभर उचलली, बोटांत चोळली. तोंडावर काहीतरी येऊन गेलं. मला वाटलं, गाव आठवलं.

आठवडाभर रोपं छान होती आणि हे रोज येत होते. नंतर एका दुपारी पानं मलूल झाली. मी पाणी घातलं. संध्याकाळी पुन्हा मलूल. पुन्हा घातलं. पाणी वर साचून राहायचं, डबक्यासारखं, आणि मी म्हणायची, वा, नमी रोकने की क्षमता! चार दिवसांनी खालची पानं पिवळी पडली. दुपारी कनस्तराला हात लागला तर चटका बसला. एक दिवस पाणी द्यायचं राहिलं, तर वरची माती वाळून कडेला पत्र्यापासून सुटली, फटी पडल्या, आणि दुसऱ्या दिवशी घातलेलं पाणी फटींतून सरळ खाली गेलं. मध्ये मात्र आत बोट घातलं तर शाडूसारखा ओला गोळा.

हे येत आणि बघत राहत. मी त्यांच्या तोंडाकडे बघे आणि ते रोपांकडे. आणि मग पहिलं रोप आडवं झालं.

त्या संध्याकाळी मी म्हटलं, “चला.”

“उद्या.”

दुसऱ्या दिवशीही उद्या. तिसऱ्या दिवशी मी खुर्चीच्या हातावर बसून विनवलं. त्यांनी भिंतीकडे बघितलं. रोपं मेली तर हा माणूस पुन्हा चढणार नाही, हे मला इतकं स्पष्ट दिसत होतं की रोपं आणि त्यांचा पाय यांत मला फरकच करता येईना. कुणी म्हटलं असतं, टोमॅटो आहेत, दुसरे येतील. पण कुणी म्हणायला मी कुणाला सांगितलंच नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी फिजिओथेरपिस्ट आला, तेव्हा त्यांना त्याच्या ताब्यात देऊन मी मेलेलं रोप त्याच्या मातीच्या ढेकळासकट पिशवीत घातलं आणि ई-रिक्शात बसले.

नर्सरीवाली पन्नाशीची बाई होती, साडीचा पदर कमरेला खोचलेला, हाताला कायम माती. मी पिशवी पुढे केली तशी ती म्हणाली, “अम्मा, मरा हुआ लौटाने आई हो?”

“लौटाने नहीं. पूछने.”

तिने ढेकूळ हातात घेतलं, अंगठ्याने दाबलं. अंगठा उमटला. मग त्यावर थोडं पाणी शिंपडून दोन्ही हातांत वळलं, लांब वळी केली, ती वळी बोटाभोवती गुंडाळली तरी तुटेना.

“ये तो अंगूठी बन गई. अम्मा, टमाटर लगाए थे कि ईंट पाथनी थी?”

विटा पाडायची माती ऐकून शेजारचं गिऱ्हाईक हसलं. तिने रोप उपटून मुळं दाखवली. तपकिरी, मऊ, ओढली की वरची साल निघून येणारी, कुजका वास.

“प्यासा नहीं मरा. डूबकर मरा है. जड़ को साँस नहीं मिली तो पानी कैसे पिएगा? पत्ता मुरझाया, तुमने और पानी डाला.”

“पर ये काली मिट्टी है. सबसे उपजाऊ. काले रंगे हुए कनस्तर में लगाई थी.”

“होगी, खेत में. खेत का पेंदा नहीं होता, अम्मा. पानी नीचे उतरता जाता है. गमले में पेंदा है. ऊपर से टीन, वो भी काला.” तिने तळहात आडवा धरून पेंदा, म्हणजे बूड, दाखवला. “नीचे से डुबोया, बगल से पकाया.”

तीस वर्षं शिकवलेलं एका वाक्यात खोडून तिने हात झटकले. मी तिथल्या वेताच्या मोढ्यावर, बसक्या स्टुलावर, बसले. का कोण जाणे, तिला सगळं सांगितलं. झटका, पायऱ्या, भेदरं, ‘उद्या’. ती ऐकताना रोपांना पाणी मारत राहिली. शेवटी नळी खाली टाकली आणि म्हणाली, “तो ठीक से करो. हड़बड़ी में नहीं.”

मग तिने माझ्यासमोर माती कालवली, पोळीचं पीठ भिजवायला शिकवावं तशी. एक भाग इथलीच पिवळी बागेची माती, जिला मी पीठ म्हणाले होते. एक भाग जुनं शेणखत, काळंभोर, वास नसलेलं, हातात भुगा होणारं. मी विचारलं, ताजं घातलं तर? “ताज़ा गरम होता है, जड़ जला देगा, दीमक अलग.” एक भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, विटेसारखा दाबलेला येतो. तो तिने बादलीत भिजवला, फुगल्यावर पिळला आणि ते पहिलं पाणी फेकून दिलं. त्यात मीठ असतं म्हणे. त्यावर दोन ओंजळी मौरंग, म्हणजे नदीची जाड वाळू. मी म्हटलं, वाळूच घालायची तर घरी बांधकामाची उरलेली बारीक आहे. ती म्हणाली, बारीक वाळू मातीत बसून आणखी घट्ट करते, मौरंगचे जाड लाल कणच मध्ये जागा ठेवतात. शेवटी मूठभर निंबोळीची पेंड.

“अब मुट्ठी में दबाओ.”

दाबलं. लाडू झाला.

“अब उँगली से छुओ.”

बोट लावलं, लाडू फुटून भुगा झाला.

“बस. बँधे, पर बात मान ले.”

मी विचारलं, “और मेरी मिट्टी?” आवाज माझाच, पण चौथीतल्या पोरीचा. तिने माझ्याकडे पाहिलं. “एक-एक मुट्ठी डाल लो. मन रह जाएगा. उससे ज़्यादा नहीं.”

आता कुंडी. खरी चिंता इथे सुरू झाली. तिच्याकडे काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या होत्या, हलक्या आणि स्वस्त. उन्हात तापतात, ते मी नुकतंच शिकले होते. सिमेंटच्या होत्या, एकटीला हलणार नाहीत अशा, त्याही तापणाऱ्या. पांढऱ्या कापडी पिशव्या होत्या, मुळांना हवा देणाऱ्या, उचलायला सोप्या. आणि मातीच्या.

“पांढरी पिशवी ले जाओ,” ती माझ्या तोंडून निसटलेल्या मराठीची नक्कल करत म्हणाली. “मिट्टी का गमला ठंडा रहता है, साँस लेता है, पर ख़ुद भी पानी पीता है. फागुन लगते ही रोज़ पूछना पड़ेगा, गर्मी में सुबह-शाम दोनों बखत. एक दिन भूलीं तो फल का पेंदा काला. तुम्हारे यहाँ कौन चढ़ेगा रोज़?”

मी पिशवी हातात घेतली होती. ती खाली ठेवली.

कौन चढ़ेगा रोज़?

“मिट्टी के ही दो,” मी म्हटलं. “तीन. सबसे बड़े.”

तिला वाटलं असणार, म्हातारीला ऐकू कमी येतं. तिने चौदा इंची तीन काढल्या. मी प्रत्येकीवर बोटाने टिचकी मारून बघितलं. एक बद्द वाजली, कच्ची भाजलेली किंवा तडकलेली, ती बदलून घेतली. बाहेरून निळ्या रंगाच्या सुंदर होत्या, त्या घेतल्या नाहीत. तेलरंगाने कुंडीचा श्वास बंद होतो, आणि मला श्वास घेणारी, पाणी पिणारी, रोज हाक मारणारीच कुंडी हवी होती. नवी तीन रोपंही घेतली, जुन्यांपेक्षा थोडी मोठी.

रात्रभर कुंड्या टबात भिजल्या, नाहीतर कोरडी कुंडी पहिलं पाणी स्वतःच गिळते. सकाळी भोकांवर खापरीचे तुकडे ठेवले, कालवलेली माती भरली, प्रत्येकीत काळीची एक एक मूठ. प्रत्येक कुंडी दोन विटांवर, म्हणजे पाणी खालून निघून जाईल आणि गच्ची ओली राहणार नाही. नंतर एक मग पाणी घालून मी आणि सून वाकून भोकाखाली बघत राहिलो. थेंब. थेंब. मग धार. सून टाळ्या वाजवायला लागली, “निकला!” मला रडू आलं. गच्चीतून पाणी गळतंय म्हणून आनंदाने रडणारी लखनौमधली मी एकटीच असेन.

आता उरलं खोटं बोलणं. त्यात मी कधीच कच्ची नव्हते.

त्या दुपारी मी गुडघ्याला बाम चोळला, इतका की घरभर वास जावा, आणि खुर्चीत बसताना ‘आई गं’ म्हटलं. हे वळले.

“गुडघा गेला,” मी म्हटलं. “पायऱ्या जमायच्या नाहीत आता. कुंड्या मातीच्या आणल्या आहेत, त्यांना पाणी लागतं. सून सकाळी बादली भरून ठेवेल. पण संध्याकाळी बोट घालून बघायला पाहिजे, ती घरी नसते. मरू देत. मेली तर मेली.”

सून स्वयंपाकघरात ओठ दाबून उभी होती. नंतर तिने हळूच म्हटलं, “मम्मी जी, आप बहुत ड्रामेबाज़ हैं.” आणि मग, गंभीर होऊन : “अगर गिर गए तो?”

तो प्रश्न माझाही होता. फिजिओथेरपिस्टला विचारून घेतलं होतं. तो म्हणाला, नऊ-दहा दिवस कुणीतरी मागे राहा, मग दोन्ही पाइप आहेत, एकटे जाऊ द्या. एकटं जाता येतं हे त्यांना कळायला हवं. त्याच संध्याकाळी हे आपणहून खुर्चीतून उठले; पहिले दहा दिवस मुलगा ऑफिसातून लवकर येऊन मागे चढला. अकराव्या दिवशी मी खाली सोफ्यावर बसले, पाय उशीवर, हातात वर्तमानपत्र उलटं.

ठप्, खर्र. एक. ठप्, खर्र. दोन.

मी तशी पूजापाठ करणारी नाही. आमच्या घरी त्याची रीत नाही. पण त्या हिवाळ्यात रोज संध्याकाळी मी अठरापर्यंत जे मोजलं, ते मोजणं नव्हतं. सातव्याला ते थांबत. तेव्हा माझंही सगळं थांबे. कुकरची शिट्टी झाली तर मी चिडायची, आकडा चुकला म्हणून. अठराव्यानंतर गच्चीवर बूट घासल्याचा आवाज, मग स्टीलच्या मगाचा. मग पुन्हा मोजणं, उलटं, आणि ते जास्त वाईट, कारण पडतो माणूस तो उतरताना. हे खाली येत, मातीने भरलेलं बोट दाखवत आणि म्हणत, “आज नको.” किंवा, “दिलं.” धुक्याच्या दिवसांत माती तीन तीन दिवस ओली राही, तरी ते बघायला जात. थंडी कडक झाली तेव्हा जुनी चादर घेऊन गेले, झाकायला.

फेब्रुवारीत ऊन वाढलं आणि त्याच आठवड्यात ह्यांना सर्दी-ताप आला. तीन दिवस अंथरुणात. मी वर जाऊ शकत होते. गुडघ्याला काय धाड भरली होती? पण ते जागे होते, जिना त्यांच्या खोलीसमोरून जातो, आणि मी माझ्या सोंगाच्या खोड्यात अडकले होते. सकाळी सून पाणी घालत होती. एक दिवस तीही विसरली. चौथ्या दिवशी हे चढले आणि खाली आले ते एक हिरवा टोमॅटो घेऊन. त्याचा बुडखा काळा, चामड्यासारखा, आत दबलेला. त्यांनी तो माझ्या मांडीवर ठेवला आणि खुर्चीत जाऊन बसले. ‘उद्या’वाली ती खुर्ची मला ओळखीची होती.

मी टोमॅटो घेऊन ‘डॉक्टरकडे गुडघा दाखवायला’ म्हणून नर्सरीत पळाले. तिने एकदा बघितलं. “रोग नहीं है. कहा था न? कभी सूखा, कभी पानी, तो फल तक चूना नहीं पहुँचता. ये तोड़कर फेंको, पानी बराबर रखो, अगले वाले ठीक आएँगे.” मी परत आले आणि खुर्चीसमोर उभी राहून, न लंगडता, हे लक्षातही न येता, सगळं सांगितलं : रोग नाही, बाकीची ठीक येतील, पण रोज, चुकता कामा नये, आता ऊन तापतंय, सकाळी सुद्धा बघावं लागेल.

त्यांनी ऐकून घेतलं. मी ‘उद्या’ची वाट बघत होते, अंग आवळून.

“चप्… पल नको,” ते म्हणाले. “बूट दे.”

मार्चच्या मध्यावर, एका संध्याकाळी, मी सोफ्यावर होते. अठरा झाले. बूट घासल्याचा आवाज आला. मगाचा आला. मग काहीच नाही. मी उलट्या मोजणीसाठी कान लावून बसले. काही नाही. आणि एकदम स्टीलचा मग फरशीवर पडल्याचा आवाज, खणखणत, गोल फिरत.

मी त्या अठरा पायऱ्या कशा चढले ते मला सांगता येणार नाही. मोजल्या नाहीत. वर पोचले तेव्हा पदर खाली लोळत होता.

हे मधल्या कुंडीपाशी उभे होते. स्टीलचा मग पायाशी पडलेला, पाणी पसरलेलं. डाव्या हाताने त्यांनी रोपाची फांदी धरली होती, म्हणून तो मग सोडून दिला होता. आणि उजव्या हातात, त्या जून महिन्यापासून चमचा न धरलेल्या हातात, बोटं कशीबशी वाकवून, एक लालबुंद टोमॅटो. देठ अजून तुटला नव्हता. ते ओढत होते. माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा ओढला. देठ कटकन तुटला.

मी धापा टाकत कठड्याला टेकले. त्यांनी टोमॅटोकडे बघितलं, मग माझ्या दोन्ही गुडघ्यांकडे, एकानंतर एक. त्यांचे शब्द अजून एकेक करूनच येत, आणि हे सगळं सांगायला त्यांना बराच वेळ लागला. पण घाई कुणाला होती? ते म्हणाले :

“तुयी काळी माती पाह्यली, तवाच समजलं होतं मले, रोपं नाही जगत म्हणून. मातीची कुंडी पाह्यली, तवाबी समजलं, मले रोज चढवते म्हणून. पण गुडघ्याचं सोंग मात्र बेस जमलं तुले. घे, हा धर, अन् आता खाली जाताना माह्या मांगं राय.”